हाक मारली तर कोणी येईल का?

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९६०च्या दशकात मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका साध्या खोलीत एक प्रयोग मांडला. खोलीत खुर्च्या, जमिनीवर खेळणी आणि पलीकडे बसलेल्यांनाच आतलं दिसेल अशी काच. वर्षभराचं मूल आणि त्याची आई आत येत. थोड्या वेळाने एक अनोळखी बाई येऊन बसे. मग आई उठून बाहेर जाई आणि परत येई. नंतर ती पुन्हा बाहेर जाई, आणि या वेळी मूल थोडा वेळ अगदी एकटं राही. आधी अनोळखी बाई आत येई, शेवटी आई. एकेक टप्पा साधारण तीन मिनिटांचा. मूल फारच रडलं तर तोही आवरता घेत. वीसेक मिनिटांत सगळं संपे.

आई गेल्यावर मूल किती रडतं हे बघायची ही परीक्षा असावी, असं वाचताना वाटतं. पण वर्षभराचं मूल आई गेल्यावर रडणारच. कोणी जास्त, कोणी कमी. त्यात त्या मुलाच्या मूळ स्वभावाचाही भाग असतो. एन्सवर्थबाईंना सगळ्यात जास्त सांगून गेलं ते आई परत आल्यानंतरचं मिनिट.

बहुतेक मुलं आई दिसताच तिच्याकडे झेपावत, उचलून घ्यायला लावत, थोडा वेळ तिच्या खांद्यावर डोकं ठेवत आणि शांत होऊन पुन्हा खेळण्यांकडे वळत. काही मुलं मात्र आईकडे बघतच नसत. ती आत आली तरी मान वळवून खेळत राहत, किंवा तिच्याकडे निघून मध्येच बाजूला वळत. आणि थोडी मुलं अशी, की ती आईला घट्ट बिलगत, पण शांत होत नसत. कडेवर घेतलं की खाली उतरायला पाय झाडत, खाली ठेवलं की पुन्हा वर घ्यायला हात पसरत, आणि रडणं चालूच. पहिल्या प्रकाराला सुरक्षित, दुसऱ्याला टाळणारा आणि तिसऱ्याला चिंतातुर असं म्हणता येईल. नंतर मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी चौथा प्रकार वेगळा काढला. या मुलांची वागणूक तुटक असते: आई आली की जागच्या जागी थिजायचं, किंवा तोंड फिरवून तिच्याकडे पाठमोरं सरकायचं. जिच्याकडे धाव घ्यायची तीच व्यक्ती भीतीचं कारण असेल, तेव्हा असं होण्याची शक्यता अधिक असते. तो विषय मोठा आणि गंभीर आहे, म्हणून इथे पहिल्या तीन प्रकारांपुरतंच बोलतो.

हे फरक कुठून आले, याचं उत्तर त्या खोलीत नव्हतं. बाल्टिमोरच्या मूळ अभ्यासात २६ कुटुंबं होती. बाळाचं पहिलं वर्ष संपेपर्यंत दर तीन आठवड्यांनी निरीक्षक त्यांच्या घरी जाऊन साधारण चार-चार तास बसत. बाळ रडलं की आई किती वेळाने उठते, भरवताना बाळाच्या कलाने घेते की आपल्या घाईने, ते जवळ आलं की सैलावते की आखडते, हे सगळं टिपत. त्याआधी १९५०च्या दशकात एन्सवर्थबाईंनी युगांडात कंपालाच्या आसपासच्या खेड्यांतही असंच घरोघरी जाऊन पाहिलं होतं. बाल्टिमोरच्या नोंदी आणि खोलीतली वागणूक शेजारी ठेवल्यावर चित्र जुळलं. बाळाची खूण ओळखून बऱ्यापैकी वेळेवर प्रतिसाद देणाऱ्या आयांची मुलं परत भेटल्यावर लवकर शांत होत होती. ज्या आयांना बाळाचं अंगाशी येणं नकोसं होई, त्यांची मुलं मान वळवत होती. आणि जिथे प्रतिसादाचा भरवसा नव्हता, कधी भरपूर लाड आणि कधी कितीही रडलं तरी कोणी नाही, तिथली मुलं बिलगूनही शांत होत नव्हती.

त्याच नोंदींतून निघालेली एक गोष्ट आपल्याकडच्या घराघरांतल्या वादाला थेट भिडते. ‘रडलं की लगेच उचललं तर सवय लागेल’ हे वाक्य कोणत्या नव्या आईने ऐकलेलं नाही? इथे उलट दिसलं. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लवकर प्रतिसाद मिळाला, ती बाळं वर्ष संपत येताना कमी रडत होती. कोणीतरी येतं याची खात्री झालेल्या बाळाला दर वेळी आकांत करावा लागत नाही. नुसत्या हुंकारावरही त्याचं भागतं.

या सगळ्यामागचा विचार ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा. बाळ आईला चिकटतं ते दुधासाठी, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. बोल्बींचं म्हणणं असं, की जवळ राहण्याची ही ओढ भुकेइतकीच मुळातली आहे. माणसाचं पिल्लू एकटं जगू शकत नाही, म्हणून भीती, दुखणं किंवा थकवा आला की ते आपल्या माणसाकडे धाव घेतं, आणि जवळ पोचून धीर आला की पुन्हा जग धुंडाळायला निघतं. हे हजारदा घडतं. त्यातून मुलाच्या मनात काही अंदाज पक्के होतात. मी हाक मारली तर कोणी येईल का? आणि कोणी यावं इतका मी मोलाचा आहे का? बोलता येण्याआधीच या दोन प्रश्नांची काही ना काही उत्तरं तयार झालेली असतात.

म्हणूनच टाळणाऱ्या किंवा चिंतातुर मुलाला ‘बिघडलेलं’ म्हणणं चुकीचं आहे. प्रत्येक जण आपल्या घरात जे चालतं ते शिकलेला असतो. जवळ गेल्यावर जिथे दूर सारलं जातं, तिथे गरज न दाखवता आसपास राहणं हाच जवळ राहण्याचा उत्तम मार्ग ठरतो. मोठ्याने मागितल्याशिवाय जिथे लक्षच जात नाही, तिथे मोठ्याने मागत राहणं शहाणपणाचंच असतं. अडचण येते ती पुढे, माणसं बदलली तरी अंदाज जुनाच राहतो तेव्हा.

टाळणाऱ्या मुलांबद्दलचा एक शोध मला या साऱ्या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आई आली-गेली तरी शांतपणे खेळणारं मूल पाहून कोणीही म्हणेल, ‘किती समंजस आहे! अजिबात त्रास नाही.’ पण ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं, की अशा मुलांच्या हृदयाचे ठोकेसुद्धा आई दुरावल्यावर वाढलेले असतात. चेहरा शांत, हात खेळण्यावर, आणि छातीत धडधड. गरज तिथेच आहे; ती दाखवायची नाही एवढंच मूल शिकलंय. मोठेपणी याच जातीचा पुरावा पुन्हा मिळाला. आईवडिलांपासून दुरावल्याच्या प्रसंगांबद्दल विचारलं, तेव्हा ‘त्याचं काही विशेष नाही’ अशा सुरात बोलणाऱ्यांच्या त्वचेवरची ताणाची विद्युत-खूण वाढलेली आढळली. घाम फुटतो तेव्हा जी बदलते, तीच ही खूण.

लहानपणीचा हा हिशोब मोठ्यांच्या प्रेमाला लावून बघण्याचं काम सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये केलं. डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी तीन छोटे परिच्छेद छापले. एकाचा आशय असा: जवळ जाणं मला सोपं जातं, कोणी माझ्यावर विसंबलं तरी चालतं. दुसऱ्याचा: कोणी फार जवळ आलं की मी अस्वस्थ होतो. तिसऱ्याचा: मला हवं तितकं जवळ कोणी येत नाही, आणि समोरचा सोडून जाईल असं वाटत राहतं. आपल्याला लागू पडेल तो निवडायचा. साधारण ५६ टक्के लोकांनी पहिला निवडला, २५ टक्क्यांनी दुसरा, १९ टक्क्यांनी तिसरा. लहान मुलांत दिसलेल्या वाटणीशी हे ढोबळमानाने जुळत होतं. अर्थात ही स्वतःहून उत्तरं पाठवणाऱ्या वाचकांची टक्केवारी आहे, सगळ्या जगाची नव्हे. नंतरच्या संशोधकांनी हे तीन कप्पे सोडून दोन पट्ट्या वापरायला सुरुवात केली: समोरचा दुरावेल याची धास्ती किती, आणि जवळीक टाळण्याकडे कल किती. प्रत्येक माणूस दोन्ही पट्ट्यांवर कुठेतरी असतो. त्यामुळे ‘मी अमुक प्रकारचा’ म्हणण्यापेक्षा ‘माझ्यात हे इतपत आहे’ म्हणणं जास्त खरं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे अंदाज रोज दिसत नाहीत. सुखाच्या दिवसांत टाळणारा माणूस छान जोडीदार असू शकतो. जेफ्री सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रेमात असलेल्या जोडप्यांवर एक प्रयोग केला. मुलीला सांगितलं, की थोड्या वेळाने तुझ्यावर एक प्रयोग होणार आहे आणि बहुतेकांना त्याचा बराच त्रास होतो. उपकरणांची अंधारी खोलीही दाखवली. मग ‘तयारीला थोडा वेळ लागेल’ म्हणून दोघांना पाच मिनिटं एकत्र बसवलं आणि गुपचूप चित्रीकरण केलं. भीती जितकी जास्त, तितकी सुरक्षित वळणाची मुलगी मित्राकडे आधार मागत होती. टाळणाऱ्या वळणाच्या मुलीचं नेमकं उलट: भीती वाढली तशी ती गप्प होत गेली, काही वेळा तर भीतीचा विषयच काढला नाही. मुलांतही हेच. मैत्रीण घाबरलेली दिसली तशी सुरक्षित मुलांनी जास्त धीर दिला, टाळणाऱ्यांनी कमी.

म्हणजे जवळीक ज्या घडीला सगळ्यात जास्त हवी, नेमक्या त्याच घडीला जुना अंदाज डोकं वर काढतो. एरवी ‘तो अजिबात असा नाही हो’ असं वाटतं, आणि आजारपणात, नोकरी गेल्यावर किंवा बाळंतपणात तोच माणूस परका वाटू लागतो, त्याचं हे एक कारण.

एक कल्पित जोडपं घेऊ. पुण्यातले निखिल आणि रश्मी. निखिलच्या वडिलांची अँजिओग्राफी आहे. तो सकाळपासून हॉस्पिटलमध्ये, रश्मी ऑफिसात. साडेअकराला ती विचारते, ‘आत घेतलं का बाबांना?’ निळ्या खुणा येतात, उत्तर नाही. बाराला: ‘अरे, काय झालं?’ सव्वाबाराला फोन, तो उचलत नाही. साडेबाराला: ‘एवढं पण सांगता येत नाही का तुला?’ एक वाजता उत्तर येतं: ‘झालं. दोन ब्लॉक आहेत. बोलतो नंतर.’ संध्याकाळी तो घरी येतो, अंघोळ करतो, टीव्ही लावतो. ती म्हणते, ‘निखिल, तू माझ्याशी बोलत का नाहीस?’ तो म्हणतो, ‘अगं, बोलण्यासारखं काय आहे त्यात? डॉक्टर बघतायत ना.’ तिचा आवाज चढतो. तो गॅलरीत जातो.

बाहेरून बघणाऱ्याला एक जण थंड दिसेल आणि दुसरी चिकट. आतून बघा. निखिल ज्या घरात वाढला तिथे रडणाऱ्या मुलाला ‘मुलीसारखं काय रडतोस’ ऐकावं लागे. घाबरलेलं असताना कोणाकडे जायचं नाही, आपलं आपण निस्तरायचं, हा त्याचा अंदाज. रश्मीचा मेसेज त्याला प्रेमाचा वाटत नाही. आपली भीती उघडी पडेल अशी ती मागणी वाटते. म्हणून तो फोन उलटा ठेवतो, आणि खरंच सांगायचं तर त्या क्षणी त्याला थोडं बरंही वाटतं. रश्मीची आई प्रेमळ होती, पण तिची मनःस्थिती रोज वेगळी. शाळेतून आल्यावर आज मिठी मिळेल की अबोला, हे दार उघडेपर्यंत कळायचं नाही. गप्पपणा म्हणजे काहीतरी बिनसलंय आणि जोर लावल्याशिवाय ते सुटणार नाही, हा तिचा अंदाज. त्याची शांतता तिचा अंदाज खरा ठरवते. तिचा चढलेला आवाज त्याचा अंदाज खरा ठरवतो. दोघांनाही हवं आहे ते एकच: बाबांच्या ब्लॉकची भीती वाटत असताना कोणीतरी शेजारी बसावं.

हा फेरा ओळखण्याची खूण सोपी आहे. भांडणाचा विषय दर वेळी बदलतो, पण पावलं तीच पडतात. एक जण मागे लागतो, दुसरा माघार घेतो, आणि प्रत्येकाला आपण फक्त उत्तर देतोय, सुरुवात समोरच्याने केली, असं वाटतं.

इथे घाईने निष्कर्ष काढायचा मोह होतो, की लहानपणी जे झालं ते कायमचं. तसं नाही. वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी वर्षभराच्या वयात तपासलेल्या ५० जणांना वीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा साधारण ६४ टक्के त्याच गटात सापडले. म्हणजे तिघांतला एक हलला होता. बालपणातलं पालकाचं निधन, गंभीर आजार, घटस्फोट यांसारख्या घटनांनंतर हे बदल जास्त दिसले. मिनेसोटात अधिक हलाखीत वाढलेल्या मुलांच्या अशाच अभ्यासात मात्र दोन वयांतला दुवा जवळजवळ लागलाच नाही. आयुष्य जितकं अस्थिर, तितका पहिल्या वर्षावरून पुढचं सांगणं अवघड.

शिवाय मूल एकाच माणसाशी बांधलेलं नसतं. सुरुवातीच्या लिखाणात सगळा भार आईवर होता आणि त्याने कितीतरी बायकांना विनाकारण अपराधी वाटायला लावलं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाळ वडिलांशी, आजीशी, मावशीशी वेगवेगळं नातं जोडतं, आणि एकाशी टाळणारं असलेलं बाळ दुसऱ्याशी सुरक्षित असू शकतं. बीडकडची ऊसतोड कुटुंबं हंगामाला निघतात तेव्हा मागे राहिलेल्या कितीतरी मुलांची हाक आजीच ऐकते. मुलाच्या अंदाजात ती आजी मोजायलाच हवी.

बाल्टिमोरची ती खोली कुठेही नेऊन मांडता येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. जपानमधल्या सापोरोत हा प्रयोग केला तेव्हा चिंतातुर मुलांचं प्रमाण बरंच जास्त आलं. ती मुलं आईपासून क्वचितच दूर राहिलेली होती, त्यामुळे तीन मिनिटांचा एकांत त्यांना भलताच जड गेला. आपल्याकडेही बाळ आईच्या कुशीत झोपतं, दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या कडेवर असतं. असं बाळ परक्या खोलीत आक्रोश करतं म्हणून त्याचं नातं असुरक्षित ठरत नाही.

इंटरनेटवरच्या दहा प्रश्नांच्या चाचण्यांबद्दलही सावध राहावं. मोठ्यांसाठीची सखोल मुलाखत मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात तयार केली. तीत लहानपणच्या आईशी असलेल्या नात्याला पाच विशेषणं द्यायला सांगतात, आणि मग प्रत्येक विशेषणासाठी एखादी खरी आठवण. वडिलांबद्दलही तसंच. कोणी म्हणतं ‘खूप प्रेमळ’, आणि आठवण मागितली की म्हणतं, ‘होती प्रेमळ, आई असतेच ना प्रेमळ.’ कोणी वडिलांबद्दल सुरुवात करतं आणि कालच्या भांडणात शिरतं, थांबतच नाही. तपासणारे बालपण कसं होतं यापेक्षा ते कसं सांगितलं जातं, हे पाहतात. या मुलाखतीचा निकाल आणि प्रश्नावलीचा निकाल एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, कारण एकात न कळत होणारं बोलणं मोजलं जातं आणि दुसऱ्यात स्वतःबद्दलचं मत. वर सांगितलेला टाळणारा माणूस ‘मला कोणाची गरज नाही’ या वाक्यापुढे अगदी प्रामाणिकपणे खूण करेल.

या मुलाखतीतूनच एक आशादायक गट पुढे आला. बालपण खडतर, तरी सांगणं सलग आणि समतोल. ‘आईकडून मला ते मिळालं नाही. तिचीही परिस्थिती तशीच होती. मला मात्र त्याचा त्रास झाला,’ ही तिन्ही वाक्यं त्यांना एकत्र बोलता येतात. संशोधक याला कमावलेली सुरक्षितता म्हणतात. ती येण्यामागे बहुधा एखादं भरवशाचं माणूस असतं: आजी, शिक्षक, जोडीदार, समुपदेशक. नुसतं समजून ती येत नाही. जुना अंदाज खोटा ठरल्याचे अनुभव पुन्हा पुन्हा यावे लागतात, आणि तेही ताणाच्या घडीला, कारण अंदाज तिथेच जागा होतो.

निखिल आणि रश्मीपुरतं बोलायचं तर निखिलने बोलका होण्याची गरज नाही. साडेअकराच्या मेसेजला ‘आत घेतलंय. मला आत्ता बोलवत नाहीये, एक वाजता फोन करतो’ एवढं पुरे, आणि एक वाजता फोन यायला हवा. रश्मीच्या अंदाजाला वेळेवर आलेला तो फोनच खोडून काढतो, कितीही ‘माझं प्रेम आहे’ म्हटलं तरी ते काम होत नाही. रश्मीच्या बाजूने, तिसऱ्या प्रश्नाऐवजी ‘मलाही भीती वाटतेय. सहाला येते, तुझ्याजवळ बसते’ हे चालतं. त्यात मागणी नाही, म्हणून निखिलला पळावं लागत नाही. पहिल्या काही वेळा दोघांनाही हे खोटं, ओढूनताणून वाटेल. बाबांची अँजिओप्लास्टी ठरलेल्या दिवशी निखिल पुन्हा फोन उलटा ठेवेल, याचीही शक्यता भरपूर आहे. फरक पडतो तो त्यानंतर, तासाभराने त्याने फोन उचलून ‘मघाशी जमलं नाही, आता सांगतो’ म्हटलं तर.